सुमनचा फोटो

साळवेमामांचं दुकान लांबून आधी नाकाला कळायचं. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत वळलं की घशात काहीतरी खवखवायचं, डोळ्यांच्या कडा ओल्या व्हायच्या, आणि मग कांडप यंत्राच्या लोखंडी मुसळांचा आवाज ऐकू यायचा. मी त्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचे. साताऱ्याहून संभाजीनगरला कॉलेजातल्या नोकरीसाठी आले तेव्हा पहिला आठवडाभर शिंकत होते. मामांनी जिन्याशी गाठून सांगितलं, "मॅडम, पंधरा दिवस कळ काढा. मग तुम्हाला बाहेरची हवाच अळणी लागंल."

तसंच झालं.

ते उंचेपुरे, काळेसावळे, थोडे वाकलेले. नाकातोंडाला कायम एक पांढरा रुमाल, जो दुपारपर्यंत विटकरी व्हायचा. आधी ते वाळूजला एका कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, सुमनने, मिळालेल्या पैशांत हे यंत्र घेतलं. कल्पना सुमनचीच. मिरच्या कोणत्या किती घ्यायच्या, धणे कितपत भाजायचे, दगडफूल केव्हा घालायचं, हे सगळं तिचं. मामा फक्त यंत्र चालवायचे. मुलगी झाली आणि ती वर्षाचीही व्हायच्या आत सुमन काविळीने गेली. मामांनी दुसरं लग्न केलं नाही. यंत्र चालू ठेवलं, मुलगी वाढवली, आणि दुकानाच्या पाटीवर सुमनचा फोटो लावला.

गिऱ्हाईक मिरच्या घेऊन आलं की मामा आधी वजन करत नसत. विचारत, "घरात लहान लेकरं हायेत का? म्हातारं कोणी?" उत्तर ऐकून पिशवीत हात घालत, दोन-चार मिरच्या मोडून वास घेत आणि सांगत, "एवढी लवंगी नगं. थोडी काढून ठेवा, लोणच्याला व्हईल." रंगासाठी काही मिसळा म्हणणाऱ्याला ते उत्तरच देत नसत. नुसतं यंत्र बंद करत. एरवी यंत्र बंद व्हायचं ते दोनच वेळा, गल्लीतून अंत्ययात्रा निघाली तर, आणि कुणी झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन चाललं असेल तर. पाच पावलं पुढे जाईपर्यंत मुसळं वरच्या वर थांबलेली. त्या मुलाची आई कधीकधी मागे वळून बघायची, की अचानक एवढं शांत का झालं.

त्यांचं बोलणं कमी. पण एक प्रसंग माझ्यासमोरचा आहे. नव्या इमारतीतली एक बाई मोठा डबा घेऊन आली. डबा ठेवून तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं आडनाव काय हो?"

"साळवे," मामा म्हणाले.

बाईने डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. मग म्हणाली, "अगंबाई, धणे घरीच राहिले वाटतं." आणि डबा उचलायला वाकली. डबा जड होता. मामांनी तो उचलला, तिच्या स्कूटीपर्यंत नेला आणि पायाशी नीट टेकवून ठेवला. परत येऊन पुढची पिशवी घेतली. मी जिन्यात उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "डबा पितळी व्हता मॅडम. तिच्यानं उचलला नसता."

एका हितचिंतकाने त्यांना पूर्वीच सुचवलं होतं म्हणे, की पाटीवर बायकोऐवजी अन्नपूर्णेचं चित्र लावा, गिऱ्हाईक वाढेल, कुणी काही विचारणारही नाही. मामांनी तेव्हा सांगितलं होतं, "दुकान हिचं हाये. मग फोटो बी हिचाच."

तर ती पाटी. 'सुमन मिरची-मसाला कांडप केंद्र' आणि डावीकडे सुमन. पण सुमन म्हणजे काय, तर एक तपकिरी अंडाकृती, त्यात दोन काळसर खळगे, खाली एक फिकट रेघ, कपाळावर लाल डाग. ऊन खाऊन बाकीची पाटी निळसर पडलेली. पहिली पाटी कुणाच्या तरी लग्नातल्या मोठ्या समूहफोटोवरून केलेली. त्यातला नखाएवढा चेहरा कापून दोन फूट केला. ती पाटी फाटल्यावर दुसऱ्या पाटीवाल्याने जुन्या पाटीचाच फोटो काढून दुसरी केली. तिसरी दुसरीवरून. दर वेळी सुमन थोडी थोडी विरघळत गेली. लग्नातला मूळ फोटो मामांच्या घरी कधीच नव्हता. सुमनचा दुसरा एकही फोटो नव्हता.

त्यांची मुलगी प्रज्ञा वाळूजलाच एका कंपनीत तपासणी विभागात होती. सकाळची पाळी असली की पहाटेच कंपनीच्या बसने जायची. हुशार, चटपटीत, बोलण्यात वडिलांच्या अगदी उलट. आईबद्दल तिला विचारलं की ती हसून पाटीकडे बोट दाखवायची. "ती बघा. एवढीच ओळख."

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वादळात पाटी मधोमध फाटली. मसाल्याचा हंगाम सुरू व्हायचा होता. प्रज्ञाने वडिलांना न सांगता मोबाइलवर फाटक्या पाटीचा फोटो काढला आणि टीव्ही सेंटरजवळच्या इम्रानभाईच्या फ्लेक्सच्या दुकानात नेऊन दिला. इम्रानभाई पस्तिशीचा, कामात वाकबगार माणूस. दोन दिवसांनी रविवारी सकाळी बॅनर आला. गल्लीतल्या लोकांनीच शिडी धरली, चौकटीवर ताणला.

मी खाली उतरले आणि बघतच राहिले. अक्षरं टोकदार, लालभडक. आणि डावीकडे एक बाई. पापण्यांचा केस न् केस दिसत होता. रेखीव भुवया, तुकतुकीत गाल, किंचित उघडलेल्या ओठांत दातांची सारखी रांग. खांद्यावरच्या पदराला एक मोठं फिकट गुलाबी फूल. वाटत होतं, आत्ता बोलेल.

गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं, "सुमनवहिनी एवढ्या देखण्या होत्या?" कुणी मोबाइल काढला. प्रज्ञा रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडत होती. माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, आईचे डोळे मी पहिल्यांदा बघायले."

मामा उंबऱ्यात उभे होते. रुमाल गळ्यात ओढलेला. त्यांनी वर पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चांगलं झालं, पोरी." मग आत जाऊन यंत्र चालू केलं.

त्यानंतरच्या दिवसांत प्रज्ञा बदलली. फोनवर तोच चेहरा. आरशासमोर उभं राहून विचारायची, "माझं नाक आईवर गेलंय ना?" केस तसे मधोमध भांग पाडून बांधायला लागली. तिचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांना तिने तो फोटो पाठवला. वयाची पंचविशी ओलांडलेली मुलगी, पण त्या दिवसांत ती एखाद्या लहान पोरीसारखी दिसायची, जिची आई नुकतीच बाजारातून परत आलीय.

मामा मात्र दुकानात शिरताना वर बघत नसत. एकदा संध्याकाळी ते यंत्र पुसत असताना मी त्यांना सहज म्हटलं, "बॅनर छानच झालाय हो."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मॅडम, तुम्हाला म्हणून सांगतो. ही ती नाय."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"जुनी पाटी धुरकट व्हती, पण ती सुमन व्हती. तिच्यात मला माझी बायको दिसायची, बाकीचं मी भरून घ्यायचो. हिच्यात भरायला जागाच नाय. सगळं हाये, आन् सगळं दुसरीचं." फडकं पुन्हा उचलून ते म्हणाले, "आता तर डोळे मिटले तरी हीच येते. सुमनची हनुवटी कशी व्हती, ते मला आठवंना झालंय."

"मग प्रज्ञाला सांगा ना."

"पंचवीस वर्सांनी लेकराला आई मिळाली. ती मी कशी काढून घेऊ?"

ते ओझं त्यांनी किती दिवस वाहिलं असतं कोण जाणे. पण बिडकीनहून कमलमावशी आल्या. सुमनची मोठी बहीण. दरवर्षी हंगामात त्या मिरच्यांचं पोतं घेऊन यायच्या. रिक्षातून उतरल्या, पदर सावरला, वर पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "दाजी, ही कोण बाई लावली म्हनायची?"

प्रज्ञा दारातच होती. आधी हसली. "मावशी, असं काय करतीस? आई हाये ना."

"कुणाची आई?" मावशी जवळ गेल्या, डोळे बारीक केले. "अगं, हिला गोंदण कुठंय? सुमीच्या हनुवटीवर तीन ठिपके व्हते. मीच धरून बसवलं व्हतं तिला गोंदताना. आन् दात! सुमीचा पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला. नाय बाई, ही आमची सुमी नाय."

प्रज्ञाने वडिलांकडे पाहिलं. मामांनी मान खाली घातली. तिला तेवढ्यात सगळं कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

मामांनी मिरच्यांचं पोतं उंबऱ्याआत ओढलं.

"इतके दिवस मी परक्या बाईला आई म्हणायले, आन् तुम्ही बघत राहिलात बाबा? मी तिच्यासारखं नाक शोधायले आरशात!"

"तू लई खूश व्हतीस," मामा एवढंच म्हणाले.

प्रज्ञाने फोन फरशीवर आपटला नाही, ती रडली नाही. चप्पल घातली आणि चालू लागली. मावशींनी मला डोळ्याने खुणावलं, तिच्यासोबत जा. मी गेले. मामाही मागून आले, रुमाल तसाच गळ्यात.

रिक्षाने टीव्ही सेंटरला पोचलो तेव्हा इम्रानभाई मशीनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स काढत होता. फोनवरचा चेहरा पुढे धरून प्रज्ञा म्हणाली, "भाई, ही बाई कोण आहे?"

त्याला प्रश्न कळला. त्याने हातातलं काम थांबवलं आणि खुर्च्या ओढल्या. "बैठो. दिखाता."

त्याने प्रज्ञाने दिलेला मोबाइलमधला फोटो पडद्यावर उघडला आणि डोळ्याच्या जागी मोठा मोठा करत नेला. चेहरा फुटला आणि चौकोन उरले. राखाडी, तपकिरी, एखाद-दुसरा काळा. मध्ये मध्ये निळे-गुलाबी ठिपके. "हे ठिपके शाईचे. फ्लेक्स ठिपक्यांनीच छापतो ना आपण. पाटीचा फोटो काढला की चेहऱ्यासोबत तेपण येतात. आता बघा, यात डोळा कुठंय? नाहीच. ये आठ-दस चौकोन हैं, बस."

"मग पापण्या कुठून आल्या?"

"मशीनने लाखो चेहरे पाहिलेत. त्याला 'चेहरा सुधारा' सांगितलं की ते बघतं, अशा चौकोनांच्या जागी बहुतेक करून कसा डोळा असतो. आणि तसा डोळा बसवतं. त्याला सुमन मालूम नहीं. किसी का भी चेहरा उसे मालूम नहीं. साधारण चेहरा मालूम है." त्याने एक पट्टी थोडी सरकवली आणि पुन्हा चालवलं. थोड्या वेळाने पडद्यावर दुसरी बाई आली. तितकीच रेखीव, तितकीच जिवंत. नाक थोडं रुंद, डोळे वेगळे. त्याने आणखी एकदा चालवलं. तिसरी बाई.

तिघी शेजारीशेजारी ठेवल्या. कोणीच कोणाची नव्हती.

प्रज्ञाने तिघींवरून एकेक करत बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे आई त्यात नव्हतीच."

"जे फोटोत आलं नाही ते मशीन परत आणू शकत नाही, ताई. फक्त दुसरं काहीतरी बसवू शकतं. माझं चुकलं, मी सांगायला हवं होतं. सब को चकाचक मंगता, तो मैं भी…" त्याने तिन्ही चेहरे बंद केले. "मूळ फोटो मिळेल का? तो लग्नातला?"

मामा मागून म्हणाले, "कमलताईकडं असंल. तिच्या नणंदेचं लगीन व्हतं ते."

फोटो होता. बिडकीनच्या घरात, फ्रेममध्ये, आणि कधीतरी पावसाचं पाणी शिरल्यामुळे काचेला पूर्ण चिकटलेला. मावशींनी पुढच्याच रविवारी तो साडीत गुंडाळून थेट इम्रानभाईच्या दुकानात आणला. सत्तर-ऐंशी माणसं, मागे मंडप. प्रज्ञा काच सोडवायला गेली तसा इम्रानभाई ओरडला, "नक्को! चेहरेच निघून येतील काचेबरोबर."

त्याने लाकडी चौकट तेवढी काढली, काच बाहेरून कोरड्या कापडाने पुसली आणि काचेसकट फोटो स्कॅनरवर पालथा ठेवला. पण पडद्यावर आलं ते धुकट. फोटो काचेच्या जाडीएवढा वर राहिला होता आणि त्या स्कॅनरला तेवढंही अंतर चालत नव्हतं. मग त्याने शेजारच्या स्टुडिओतून कॅमेरा आणि ट्रायपॉड आणला. फोटो टेबलावर आडवा, कॅमेरा बरोबर वरून, दोन दिवे दोन बाजूंनी तिरके म्हणजे काचेत चमकणार नाहीत, आणि कॅमेऱ्याभोवती काळं कापड, त्याचं स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून. एकसारखे बरेच फोटो काढले आणि संगणकात एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. कॅमेरा स्वतःचे जे बारीक ठिपके घालतो ते दर फोटोत वेगळे असतात, ते असे पुसले जातात. फोटोतलं असतं तेवढं टिकतं.

मग त्याने दुसऱ्या रांगेतला एक चेहरा मोठा करायला घेतला. आम्ही सगळे पडद्याजवळ सरकलो.

मोठा होत होत चेहऱ्यावर बारीक रवे दिसायला लागले, बाजरीच्या पिठासारखे. इम्रानभाई थांबला. "हे कागदाचे, फिल्मचे रवे. ते दिसले म्हणजे तळ आला. याच्या खाली काही नाही."

पण तळाच्या वर बरंच काही होतं. रुंद कपाळ. एक डोळा उघडा, दुसरा हसण्याने अर्धा मिटलेला. बंद ओठ, पण वरचा एका बाजूने किंचित पुढे आलेला. आणि हनुवटीवर तीन ठिपके. मावशींनी तोंडाला पदर लावला.

मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "व्हय," ते म्हणाले. आणि परत एकदा, "व्हय."

पाटीवर खांद्याशी जिथे फूल होतं तिथे इम्रानभाईने बाण नेला. फूल नव्हतं. पदर मुठीत आवळून धरलेला एक इवलासा हात होता. जुन्या पाटीवाल्याने चेहरा कापताना खालचं बाळ कापून टाकलं होतं, हात तेवढा राहिला होता. तो विरघळत विरघळत फिकट डाग झाला, आणि मशीनने त्या डागाचं फूल केलं. इम्रानभाईने चित्र खाली सरकवलं. टोपडं घातलेलं, कॅमेऱ्याकडे पाठ केलेलं बाळ. सुमन हसत त्याच्याकडेच बघायला वळत होती, म्हणून डोळा तसा.

"ही मी?" प्रज्ञाने विचारलं.

"मग काय!" मावशी म्हणाल्या. "सोडतच नव्हतीस तिला. फोटोवाला किती ओरडला."

प्रज्ञा आता रडली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या दोघांत त्या दिवसानंतर त्या बॅनरबद्दल काही बोलणं झालेलं मी ऐकलं नाही.

पुढचं काम इम्रानभाईने सावकाश केलं. 'चेहरा सुधारा' बंद. नुसतं मोठं करायचं. गालावर बुरशीचा एक पांढरा डाग होता, तो शेजारच्या त्वचेवरून हाताने झाकला. हनुवटीवरचे ठिपके संगणकाला कचरा वाटत होते, धूळ काढायला सांगितली की ते आधी जायचे. तेवढा भाग त्याने वेगळा राखला. अक्षरं नव्याने लिहिली. अक्षरं कितीही मोठी केली तरी फुटत नाहीत, फुटतो तो फोटो. म्हणून फोटो दोन फुटांचा न करता वीतभरापेक्षा थोडा मोठा ठेवला, चेहरा, खांदा, तो हात आणि बाळाचं टोपडं एवढाच. उरल्यासुरल्या फ्लेक्सवर त्याने तीन तुकडे छापले. एक जसाच्या तसा, एक किंचित टोकदार केलेला, आणि एक ज्यात मशीनचा थोडासा हात होता. मामांच्या दुकानाच्या भिंतीला ते लावून त्यांना रस्त्याच्या पलीकडे उभं केलं. "इथून नका बघू. गिऱ्हाईक जिथून बघतं तिथून बघा."

मामांनी बराच वेळ घेतला. रस्ता ओलांडून आले आणि मधल्यावर बोट ठेवलं. "तिसरी हसती हाये, पण माझ्याकडं बघून नाय हसत. ही बराबर हाये."

तो बॅनर लागला तेव्हा गल्ली गोळा झाली नाही. कुणीतरी म्हणालंदेखील, आधीचाच भारी होता. प्रज्ञाने लग्न ठरलेल्या मुलाला नवा फोटो पाठवला आणि लिहिलं, आधीची बाई चुकून पाठवली होती. त्यावर तो काय म्हणाला ते तिने मला सांगितलं नाही, पण ती हसत होती.

हंगाम संपता संपता मामांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि मिरचीच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलं. यंत्रावर एक बाई ठेवली, सुट्टीच्या दिवशी प्रज्ञा बघायची. मामा समोरच्या चहाच्या टपरीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, आणि तिथूनच हाताने खुणा करून सांगायचे, की मुसळं जोरात पडतायत, की धणे आणखी थोडे भाजा.

माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवून मी निघाले तेव्हा निरोप घ्यायला पलीकडे गेले. मामा फोनवर बोलत होते. कुणीतरी गावाकडचं पहिल्यांदाच येत होतं आणि गल्लीच्या तोंडाशी चुकलं होतं. मामांनी मला हाताने थांबा म्हणून खूण केली आणि धापा टाकत, एकेक शब्द सुटा करून फोनवर सांगत राहिले.

"सरळ या. सरळ. लाल अक्षरं दिसली का? बाजूला लेकरू घेतलेली बाई दिसते? हां. तिच्यासमोरच बसलोय मी."